गरोदरपणातला केसपेपर आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट: काय आधी वाचायचं, काय शेवटी

सोनोग्राफीचा कागद हातात पडला की बहुतेक घरांत तो शेवटून वाचला जातो. तळाशी ‘इम्प्रेशन’ असतं. त्यात ‘प्लॅसेंटा ग्रेड ३’ किंवा ‘३४ आठवडे’ दिसतं आणि डॉक्टरांकडे पोचायच्या आतच घरात तीन फोन झालेले असतात. त्यात ठाणे-नवी मुंबईकडे तपासणी एकीकडे, सोनोग्राफी दुसरीकडे आणि बाळंतपण माहेरी, असा प्रकार फार. घोडबंदर रोडच्या प्रसूतिगृहात नाव घातलेलं असतं, सोनोग्राफी स्टेशनजवळच्या सेंटरमध्ये होते आणि आठव्या महिन्यात मुलगी साताऱ्याला जाते. तीन ठिकाणचे कागद तीन पद्धतींनी लिहिलेले असतात. ते एकत्र लावून वाचायचे, तर क्रम पाळावाच लागतो.

हा लेख शेवटच्या तीन महिन्यांतल्या चार नोंदींपुरता आहे: फंडल हाइट, प्रेझेंटेशन, डोकं एंगेज आहे की नाही आणि प्लॅसेंटाची ग्रेड. या वाचनातून निर्णय घ्यायचा नाही. डॉक्टरांना नेमका प्रश्न विचारता आला की काम झालं.

आधीची तयारी: फाईल लावून घ्या

तीन कागद बाजूला काढा. पहिला, सगळ्यात जुनी सोनोग्राफी, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातली. दुसरा, केसपेपर किंवा सरकारी माता व बाल संरक्षण कार्ड, ज्यावर प्रत्येक भेटीची नोंद असते. तिसरा, ताजी सोनोग्राफी. ही तारखेनुसार लावा, जुनं खाली, नवं वर.

जुनी सोनोग्राफी ‘आता तिचं काय काम’ म्हणून घरी ठेवून येणारे फार भेटतात. खरं तर नवव्या महिन्यात सगळ्यात जास्त कामाला येणारा कागद तोच. व्हॉट्सॲपवरचा फोटोही पुरतो, पण चारही कडा आणि तारीख दिसायला हवी. फक्त ‘इम्प्रेशन’ कापून ठेवलेला फोटो उपयोगाचा नाही.

टप्पा १: आज नेमका कितवा आठवडा, ते पक्कं करा

पुढची प्रत्येक नोंद आठवड्याशी ताडून वाचायची असते. आठवडा चुकला तर पुढचं सगळं चुकतं, म्हणून इथे घाई नको.

शेवटच्या पाळीचा पहिला दिवस म्हणजे एलएमपी. त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की बाळंतपणाची अंदाजे तारीख, म्हणजे ईडीडी येते. पाळी १० जानेवारीला आली असेल तर ईडीडी १७ ऑक्टोबर. हे गणित २८ दिवसांच्या नियमित पाळीचं आहे. ज्यांची पाळी पस्तीस-चाळीस दिवसांनी येते, त्यांचं बाळ मुळात उशिरा राहिलेलं असतं, त्यामुळे पाळीवरून काढलेला आठवडा खऱ्यापेक्षा पुढचा निघतो.

म्हणूनच पहिली सोनोग्राफी बघायची. सुरुवातीच्या महिन्यांत डोक्यापासून ढुंगणापर्यंतची बाळाची लांबी, म्हणजे सीआरएल मोजतात. त्या वयात सगळी बाळं जवळपास एकाच वेगाने वाढतात, म्हणून त्यावरून काढलेलं वय भरवशाचं असतं. पाळीच्या हिशोबाने ९ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान केलेल्या सोनोग्राफीत सात दिवसांपेक्षा जास्त फरक आला, तर सोनोग्राफीची तारीख धरतात. ९ आठवड्यांच्या आत केलेली असेल तर पाच दिवसांपेक्षा जास्त फरकही पुरतो. एकदा ठरलेली तारीख मग शेवटपर्यंत तीच.

इथेच सर्वात मोठी चूक होते. आठव्या-नवव्या महिन्यातल्या रिपोर्टवरही एक ईडीडी छापून येते आणि घरचे तीच ‘नवीन तारीख’ धरून बसतात. ती तारीख मशिनने बाळाच्या डोक्याच्या, पोटाच्या आणि मांडीच्या मापांवरून काढलेली असते. या महिन्यांत काही बाळं मुळातच लहान चणीची असतात, काही मोठी. त्या मापांवरून वय ठरवायला गेलं, तर वाढ खुंटलेलं बाळ ‘वयाने लहान’ ठरतं आणि खरी अडचण झाकली जाते.

*तपासा:* केसपेपरच्या पहिल्या पानावर कोणती ईडीडी धरली आहे? दोन असतील तर डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा, ‘आपण कुठली तारीख पक्की धरली आहे?’ उत्तर पेनाने वर लिहून घ्या.

*सावध:* महिन्यांत मोजू नका. ३६ आठवड्यांना चारने भागून ‘नऊ महिने भरले’ म्हणणारी मंडळी घरोघरी असतात. महिना तीस-एकतीस दिवसांचा असतो; ३६ आठवडे म्हणजे तारखेला अजून चार आठवडे बाकी.

टप्पा २: फंडल हाइट

गर्भाशयाच्या वरच्या टोकाला फंडस म्हणतात. ओटीपोटाच्या खाली जे कडक हाड हाताला लागतं, त्याच्या वरच्या कडेपासून फंडसपर्यंतचं अंतर टेपने मोजलं की फंडल हाइट मिळते. साधारण २४ आठवड्यांपासून ही सेंटिमीटरमधली संख्या आठवड्यांच्या आसपास असते आणि दोन सेंटिमीटर इकडेतिकडे चालतं. ३० आठवड्यांना २८ ते ३२ आलं तर काळजी नाही.

आपल्याकडे बऱ्याच केसपेपरवर सेंटिमीटर नसतातच. ‘युटेरस ३२ वीक्स’ एवढंच लिहिलेलं असतं. तो हाताने चाचपून काढलेला अंदाज असतो: फंडस बेंबीपाशी लागला तर २४ आठवडे, छातीच्या मधल्या हाडाच्या टोकाशी पोचला तर ३६, आणि मधली जागा वाटून घ्यायची. म्हणजे ‘३२ वीक्स’ हे बाळाचं वय नाही, गर्भाशयाचा आकार आहे. कार्डावर या रकान्यात ‘आठवडे किंवा सेंमी’ असे दोन्ही पर्याय असतात; कुठलं लिहिलंय ते आधी बघा.

एकट्या आकड्यापेक्षा चढ बघायचा. मागच्या तीन भेटींचे आकडे एकाखाली एक लिहा. आठवड्याला साधारण एक सेंटिमीटर वाढत असेल आणि सगळेच आकडे थोडे कमी असतील, तर तारीख चुकलेली असू शकते किंवा बाळ लहान चणीचं असू शकतं. आधी बरोबर चाललेला आकडा मध्येच अडकला, तर मात्र वाढीची सोनोग्राफी लवकर लागते. आकडा जास्त येण्याचीही कारणं असतात: जुळं, गर्भजल जास्त, गर्भाशयात गाठ, साखरेमुळे बाळ मोठं किंवा नुसती भरलेली लघवी.

ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण रोज घडते. रांगेत दोन तास बसलेली, बाटलीभर पाणी प्यायलेली बाई थेट टेबलवर झोपली, तर गर्भाशय वर ढकललं जातं आणि माप वाढतं. आत जाण्यापूर्वी लघवी करून या.

*सावध:* ३६ आठवड्यांनंतर आकडा तेवढाच राहिला किंवा थोडा उतरला, तर ‘बाळ वाळलं’ असं समजू नका. डोकं खाली उतरलं की गर्भाशयही खाली येतं. आडव्या बाळातही आकडा कमी येतो, कारण गर्भाशय उंचीऐवजी रुंदीत पसरलेलं असतं. आई अंगाने जाड असेल किंवा जुळं असेल, तर टेपवर भिस्त ठेवत नाहीत, थेट सोनोग्राफीने वाढ बघतात.

टप्पा ३: प्रेझेंटेशन

बाळाचा कोणता भाग खाली, बाहेर पडायच्या वाटेकडे आहे, ते म्हणजे प्रेझेंटेशन. ‘सेफॅलिक’ किंवा ‘व्हर्टेक्स’ म्हणजे डोकं खाली. ‘ब्रीच’ म्हणजे ढुंगण किंवा पाय खाली, आपण ज्याला पायाळू म्हणतो. ‘ट्रान्सव्हर्स लाय’ म्हणजे बाळ आडवं. पाचव्या महिन्याच्या रिपोर्टवर ‘व्हेरिएबल’ लिहिलेलं असतं, म्हणजे बाळ अजून फिरतंय. त्या वयात तसंच असायला हवं.

ही नोंद आठवड्याशिवाय वाचण्यात काही अर्थ नाही. २८ आठवड्यांना चार-पाचातलं एक बाळ पायाळू असतं. दिवस भरेपर्यंत बहुतेक आपणहून फिरतात आणि शंभरात तीन-चारच तसे राहतात. म्हणून सातव्या महिन्यात ‘ब्रीच’ वाचून सिझेरियनची तयारी करायची गरज नाही. ३६व्या आठवड्याला मात्र नोंद नीट बघायची. तेव्हाही ब्रीच असेल, तर पोटावरून हाताने बाळ फिरवायचा प्रयत्न करता येईल का, की ठरवून सिझेरियन, हे डॉक्टर बोलतात. तो प्रयत्न हॉस्पिटलमध्येच, बाळाचे ठोके बघत करतात.

*सावध:* घरी मालीशवाल्या बाईंकडून पोट चोळून बाळ ‘सरळ’ करून घेऊ नका. वार सुटून रक्तस्राव होण्याची भीती असते.

जवळच ‘एलओए’, ‘आरओपी’ अशी अक्षरं असली तर ती पोझिशन, म्हणजे डोकं खालीच आहे आणि बाळाच्या डोक्याची मागची बाजू आईच्या डावीकडे-उजवीकडे, पुढे-मागे कुठे आहे तेवढंच. कळा सुरू होईपर्यंत ती बदलत राहते, तिच्यामागे लागू नका.

*तपासा:* डॉक्टरांच्या हाताला ‘सेफॅलिक’ आणि सोनोग्राफीत ‘ब्रीच’ असं दिसलं तर आधी दोन्हींच्या तारखा बघा. मधे तीन आठवडे गेले असतील तर दोन्ही खरं असू शकतं.

टप्पा ४: डोकं एंगेज आहे का

सेफॅलिक म्हणजे डोकं खालच्या दिशेला आहे, एवढंच. ते कमरेच्या हाडांच्या कड्यात उतरलं का, हा वेगळा प्रश्न. डोक्याचा सगळ्यात रुंद भाग त्या कड्यातून खाली गेला की डोकं ‘एंगेज’ झालं म्हणतात. घरात आपण म्हणतो ‘डोकं फिक्स झालं’. ‘फ्लोटिंग’ म्हणजे अजून वर, हाताने हलतंय.

केसपेपरवर बहुधा ‘५/५’, ‘४/५’, ‘२/५’ असे आकडे असतात आणि ते सर्रास उलटे वाचले जातात. डोक्याचे पाच भाग कल्पून, त्यातले किती भाग अजून वर, पोटावर हाताला लागतात, ते हा आकडा सांगतो. ४/५ म्हणजे चार भाग वरच आहेत, म्हणजे डोकं जेमतेम टेकलंय. २/५ किंवा त्याहून कमी झालं की एंगेज. म्हणजे आकडा जितका लहान, तितकं डोकं खाली. काही ठिकाणी याउलट ‘किती भाग उतरले’ तेही लिहितात, म्हणून आकड्याशेजारी कुठला शब्द आहे तो बघा, नसेल तर विचारा.

पहिलटकरणीचं डोकं बहुधा शेवटच्या काही आठवड्यांत उतरतं. दुसरं-तिसरं बाळंतपण असेल तर कळा सुरू झाल्यावरच उतरणं अगदी नेहमीचं. पहिलटकरणीत तारीख आली तरी डोकं वरच असेल, तर डॉक्टर कारण शोधतात: तारीख चुकली का, वार खाली आहे का, डोक्याचा रोख मागे आहे का, हाडांची वाट अरुंद आहे का. अनेकदा यातलं काहीच सापडत नाही आणि कळांबरोबर डोकं उतरतं. ‘डोकं फिक्स नाही’ एवढ्यावर सिझेरियन ठरत नसतं. आणि डोकं फिक्स झालं म्हणजे आज-उद्या बाळंतपण, असंही नाही. मधे आठवडे जाऊ शकतात.

*सावध:* बाळ आडवं किंवा पायाळू असेल किंवा डोकं वरच तरंगत असेल आणि पाणी गेलं, तर कळांची वाट बघू नका. नाळ बाळाच्या आधी खाली सरकू शकते. आडवं होऊन लगेच निघा. घरची गाडी नसेल तर १०८.

टप्पा ५: प्लॅसेंटाची ग्रेड, सगळ्यात शेवटी

प्लॅसेंटा म्हणजे वार. बाळाला जोडणारी दोरी ती नाळ. बोलताना दोन्हींची गल्लत होते. रिपोर्टमध्ये वारेबद्दल दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि त्या एकाच ओळीत लिहिलेल्या असतात.

पहिली, जागा. ‘अँटेरियर’ म्हणजे पुढच्या भिंतीला, ‘पोस्टेरियर’ मागच्या, ‘फंडल’ वरच्या. तिन्ही ठीक. बघायचा शब्द ‘लो लाइंग’ किंवा ‘प्रीव्हिया’, म्हणजे वार गर्भाशयाच्या तोंडाजवळ किंवा तोंडावर. पाचव्या महिन्यात ‘लो लाइंग’ आलं तरी बहुतेकींची वार गर्भाशय वाढताना वर सरकते. साधारण ३२ आठवड्यांना पुन्हा बघतात. (पुढे वार म्हणजे मुलगा, मागे म्हणजे मुलगी, हे निव्वळ थोतांड.)

दुसरी, ग्रेड. ० ते ३. वारेत कॅल्शियमचे पांढरे ठिपके आणि रेघा किती दिसतात, त्यावरून ही पायरी देतात. सुरुवातीला वार एकसारखी दिसते, ती ग्रेड ०. दिवस जातील तसे ठिपके वाढतात आणि तारखेच्या सुमारास ग्रेड ३ दिसणं साधं आहे. ही पद्धत १९७९ साली ग्रॅनम आणि सहकाऱ्यांनी मांडली, बाळाची फुप्फुसं तयार झाली का याचा अंदाज यावा म्हणून. त्या कामासाठी आता तिच्यावर कुणी विसंबत नाही. नोंद मात्र रिपोर्टमध्ये राहिली. म्हणून मी ती शेवटी वाचायला सांगते.

जुन्या पद्धतीत प्रीव्हियालाही ग्रेड देतात. ‘प्रीव्हिया ग्रेड ३’ आणि ‘मॅच्युरिटी ग्रेड ३’ यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. पहिली वार तोंडावर असल्याचं सांगते, दुसरी ती पिकल्याचं. ‘ग्रेड’च्या आधी कुठला शब्द आहे, तो बोट ठेवून वाचा.

ग्रेड ३ लवकर दिसली, समजा ३२-३४ आठवड्यांना, तर डॉक्टर वारेकडे नाही, बाळाकडे बघतात: आईचं बीपी, बाळाची वाढ, गर्भजल आणि नाळेतल्या रक्तप्रवाहाचा डॉपलर. हे चारही ठीक असेल तर बहुधा दोन आठवड्यांनी पुन्हा वाढ बघणं, एवढंच.

*सावध:* ‘वारेत कॅल्शियम साचलंय’ म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या बंद करणाऱ्या बायका नेहमी भेटतात. हे ठिपके गोळ्यांमुळे येत नाहीत. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय गोळी थांबवू नका.

रिपोर्ट बाजूला ठेवून निघायची वेळ

बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, अंगावरून रक्त गेलं, पाणी गेलं, डोकं असह्य दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, बरगडीखाली पोट दुखलं किंवा चेहरा-हात एकदम सुजले, तर कालच्या रिपोर्टवर ‘नॉर्मल’ लिहिलं असलं तरी त्याच दिवशी, त्याच वेळी हॉस्पिटल गाठा. रिपोर्ट त्या दिवशीचा असतो, आजचा नाही.

एक फाईल, पहिल्या पानापासून

नमुन्यादाखल ऐरोलीची एक पहिलटकरीण घेऊ. १९ सप्टेंबरची ओपीडी. सासूबाई फाईल पुढे करतात, ‘सिस्टर, ३६ आठवडे झाले, पोट ३३चंच आहे, डोकं फिक्स नाही, वार पण पिकली म्हणे. आता सिझर करावं लागणार का?’

केसपेपरवर: एलएमपी १० जानेवारी, फंडल हाइट ३३ सेंमी, सेफॅलिक, ४/५, ठोके १४२, बीपी ११०/७०. दोन दिवसांपूर्वीची सोनोग्राफी: मापांची सरासरी ३४ आठवडे १ दिवस, वजनाचा अंदाज २२५० ग्रॅम, गर्भजल १२, वार पुढच्या भिंतीला, ग्रेड २ ते ३, डॉपलर नॉर्मल.

पाळीप्रमाणे बघितलं तर सगळंच मागे दिसतं: ३६ आठवड्यांना ३३ म्हणजे तीन सेंटिमीटर कमी. आता टप्पा १. ‘ताई, पाळी किती दिवसांनी यायची?’ ‘चाळीस दिवस तरी जायचे.’ फाईलच्या तळातून २१ मार्चची सोनोग्राफी निघते. त्या दिवशी पाळीप्रमाणे बरोबर १० आठवडे होते, सीआरएलप्रमाणे ८ आठवडे ५ दिवस. फरक नऊ दिवसांचा, म्हणजे सातपेक्षा जास्त. ईडीडी १७ नव्हे, २६ ऑक्टोबर. रिपोर्टमध्ये हे तेव्हाच लिहिलं होतं, केसपेपरवर चढवायचं राहून गेलं. आज ३४ आठवडे ५ दिवस.

टप्पा २. मागच्या भेटींचे आकडे: ८ ऑगस्टला २७, २९ ऑगस्टला ३०, आज ३३. तीन आठवड्यांत तीन सेंटिमीटर, दोन्ही वेळा. चढ सरळ आहे, आणि दुरुस्त तारखेशी ताडलं तर फरक दोन सेंटिमीटरच्या आत आहे. टप्पा ३, डोकं खाली, उत्तम. टप्पा ४, ४/५, म्हणजे एंगेज नाही. पण पहिलटकरीण असली तरी ३४ आठवड्यांना ते अपेक्षितही नाही. टप्पा ५, ग्रेड वयाच्या मानाने थोडी पुढे आहे. बीपी, वाढ, पाणी आणि डॉपलर ठीक आहेत. वजनाचा अंदाज दहा-पंधरा टक्क्यांनी इकडेतिकडे होऊ शकतो, पण ३४ आठवड्यांना तो नेहमीच्या मर्यादेतच आहे.

सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर, आज सिझेरियनचं काही कारण नाही. डॉक्टरांनी केसपेपरवर जुनी ईडीडी खोडून २६ ऑक्टोबर लिहिली आणि सही केली, दोन आठवड्यांनी वाढीची सोनोग्राफी लिहून दिली, कॅल्शियमची गोळी चालू ठेवायला सांगितली. मुलगी पुढच्या आठवड्यात माहेरी कराडला जाणार होती, म्हणून २१ मार्चचा रिपोर्ट फाईलच्या तळातून काढून सगळ्यात वर लावला.